चिटणिसांचें एक पत्र

जुलै महिन्यांतला रत्नागिरीचा पाऊस, आणि अशा पावसांत टपालवाल्यानें दाराच्या फटींतून सरकविलेलें एक ओलसर पाकीट. उघडून पाहावें तों आंत एक छापील कागद: संस्थेच्या व्यवस्थापक मंडळाची मुदत संपत आहे, नव्या मंडळासाठीं उमेदवारी अर्ज मागविण्यांत येत आहेत, खालीं चिटणिसांची सही. बहुतेक घरांत हा कागद एकदां वाचला जातो आणि पंचांगाच्या खिळ्याला अडकवून ठेवला जातो. आज मला बोलावयाचें आहे तें ह्या कागदाविषयींच. तो लिहितांना चिटणिसांनीं काय पाहावयाचें असतें, त्यांतल्या तारखा कोठून येतात, उभें राहण्यास पात्र कोण, आणि त्यांतली एखादी ओळ राहून गेली तर पुढें काय काय होतें, हें आपण जरा सावकाशीनें पाहूं.

सभासदांनीं एकत्र येऊन संस्था चालविणें ही गोष्ट रत्नागिरीस नवी नाहीं. येथील नगर वाचनालयाची स्थापना १८२८ सालची आहे, आणि संस्थांच्या नोंदणीचा कायदा झाला १८६० सालीं. म्हणजे वाचनालय कायद्यापेक्षां बत्तीस वर्षांनीं वडील! पण एवढ्या मोठ्या आणि जुन्या संस्थेचें उदाहरण न घेतां, शहराच्या एखाद्या आळींत असते तशी एक लहानशी वाचनसंस्था मी केवळ समजुतीसाठीं कल्पनेनें उभी करतों. तिचे सभासद दोनशें तीस. त्यांपैकीं एकशें चाळीस आजीव, म्हणजे एकदांच रक्कम भरून मोकळे झालेले. यांतले निम्मे तरी मुंबईस किंवा पुण्यास राहतात. उरलेले नव्वद वार्षिक वर्गणीचे. मंडळ अकरा जणांचें, मुदत तीन वर्षांची. हिशेबाचें वर्ष ३१ मार्चला संपतें. तिच्या घटनेंत तीन नियम आहेत, ते कृपा करून ध्यानांत ठेवावे. पहिला, अर्ज मागविणारें पत्र पाठविल्यावर अर्ज देण्यास निदान पंधरा पूर्ण दिवस मिळाले पाहिजेत. दुसरा, वार्षिक सभेची सूचना चौदा पूर्ण दिवस आधीं पाठविली पाहिजे. तिसरा, मतदार सभासदांची यादी सभेच्या तीस दिवस आधीं कायम झाली पाहिजे. सगळें पुढचें गणित ह्या तीन नियमांवर चालणार आहे. आपल्या संस्थेच्या घटनेंत आंकडे निराळे असतील. रीत हीच राहील.

आतां अशी संस्था दोन कायद्यांच्या छत्राखालीं येते. एक वर सांगितलेला १८६० चा, आणि दुसरा १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा, जो आधीं मुंबईच्या नांवानें होता आणि आतां महाराष्ट्राच्या नांवानें ओळखला जातो. ह्या दुसऱ्या कायद्याच्या दृष्टीनें मंडळाचे अकरा जण हे नुसते कार्यकर्ते नव्हेत, ते विश्वस्त आहेत. ते बदलले कीं नव्वद दिवसांच्या आंत धर्मादाय कार्यालयाकडे बदल अर्ज करावा लागतो. तो मंजूर होऊन नोंदवहींत नवीं नांवें चढेपर्यंत बँक सह्या बदलण्यास खळखळ करते, इमारतीच्या कागदावर कोणाची सही चालेल याचा वाद निघतो. आणि ह्या बदल अर्जास कोणीं हरकत घेतली तर चौकशी करणारा अधिकारी सर्वांत आधीं काय मागतो? निवडून आलेल्यांच्या मतांचे आंकडे नव्हेत. तो मागतो अर्ज मागविणारें पत्र, आणि तें सर्व सभासदांस गेल्याचा पुरावा. पंचांगाच्या खिळ्यावरच्या कागदाची किंमत ही अशी आहे.

एक प्रसंग मीं जवळून पाहिलेला आहे. संस्थेचें नांव घेण्याचें कारण नाहीं. चिटणिसांनीं पत्रांत "अर्ज स्वीकारण्याची अंतिम तारीख" एवढेंच लिहिलें. किती वाजेपर्यंत, तें लिहिलें नाहीं. कार्यालय रोज दुपारीं बारा वाजतां बंद होत असे, हें गांवांतल्या सभासदांस ठाऊक होतें. बाहेरगांवीं राहणारे एक वृद्ध सभासद त्या दिवशीं एस. टी. नें संध्याकाळीं उतरले, ते हातांत दोन अर्ज घेऊन कुलपाशीं उभे राहिले. त्यांनीं शेजारच्या दुकानदारास साक्षी ठेवून अर्ज दाराच्या फटींतून आंत टाकले. दुसऱ्या दिवशीं ते मुदतीनंतरचे म्हणून बाद झाले. आतां तारीख म्हणजे सबंध दिवस, रात्रीं बारापर्यंतचा, असें त्यांचें म्हणणें होतें, आणि मला विचाराल तर तें चुकीचें नव्हतें. त्यांनीं हरकत घेतली. पुढें दोन वर्षें बदल अर्ज लोंबकळत राहिला, जुन्याच सह्यांनीं कसेंबसें काम चाललें, आणि गळक्या छपराच्या दुरुस्तीचा धनादेश कोणीं काढावयाचा, ह्यावरून जुनें मंडळ आणि नवें मंडळ एकमेकांकडे पाहत बसलें. पुस्तकें मात्र भिजलीं. "सायंकाळीं पांच वाजेपर्यंत" हे तीन शब्द पत्रांत असते तर यांतलें कांहीं घडलें नसतें.

तारखांकडे वळूं. पुष्कळ चिटणीस पत्र लिहावयास बसले म्हणजे आजच्या तारखेपासून पुढें मोजीत जातात: आज पत्र, दहा दिवसांनीं अर्ज, मग छाननी, मग सभा. ही रीत उलटी आहे. आधीं सभेचा दिवस ठरवावा आणि तेथून मागें मोजीत यावें.

सभा कधीं घ्यावी? हिशेबतपासणीचा अहवाल वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरच्या आंत, धर्मादाय कार्यालयाकडे जावयाचा असतो. सभेपुढें तपासलेले हिशेब यावयाचे असल्यामुळें सभा त्या सुमारास येते. कोंकणांत येथें एक मोह पडतो. गणपतीला मुंबईचे चाकरमानी झाडून सारे येतात, तेव्हां तीच वेळ साधावी, उपस्थिति चांगली होईल, असें कोणीतरी सुचवितोच. ऐकावयास हें गोड आहे. पण गणपतीला येणारा मनुष्य रत्नागिरी शहरांत येत नाहीं; तो संगमेश्वर, लांजा, राजापूर, जो त्याचा गांव असेल तेथें जातो, आणि आरत्या, गौरी, भजनें टाकून पंचवीस कोसांवरच्या सभेस येण्याइतकी संस्थाभक्ति फार थोड्यांत असते. २०२६ सालीं गणेशचतुर्थी १४ सप्टेंबरला आहे. म्हणून आपल्या संस्थेची सभा आपण त्याच्या दोन आठवडे आधीं, रविवार ३० ऑगस्ट २०२६ रोजीं धरूं.

आतां मागें मोजावें. "पूर्ण दिवस" म्हणजे सूचना टाकल्याचा दिवस आणि सभेचा दिवस हे दोन्ही वगळून मधले दिवस. चौदा पूर्ण दिवस हवे, तर सभेच्या आदल्या दिवसापासून, २९ ऑगस्टपासून, उलट चौदा मोजले म्हणजे आपण १६ तारखेला पोंचतों. म्हणून सूचना अगदीं उशिरां १५ ऑगस्टला टपालांत पडली पाहिजे. पण १५ ऑगस्टला टपालकचेरी बंद, १६ ला रविवार. सोमवारीं १७ ला टाकली तर मधले दिवस भरतात बाराच. दोन दिवस कमी, आणि तेवढ्यावरून सबंध सभा वादांत सांपडते. तेव्हां उमेदवारांची अखेरची यादी आणि सभेची सूचना हीं दोन्ही शुक्रवार १४ ऑगस्टलाच गेलीं पाहिजेत. हा दिवस एकदां पक्का झाला म्हणजे बाकीच्या तारखा आपोआप त्याच्या मागें येऊन उभ्या राहतात: यादी १३ ला लिहून तयार, त्यासाठीं अर्ज मागें घेण्याची मुदत बुधवार १२ ऑगस्ट, त्याच्या आधीं छाननी रविवार ९ ला, आणि अर्ज देण्याचा शेवटचा दिवस शनिवार ८ ऑगस्ट. अर्ज मागविणारें पत्र शनिवार १८ जुलैला टाकावें. म्हणजे १९ जुलैपासून ७ ऑगस्टपर्यंत वीस पूर्ण दिवस मिळतात. नियम पंधराचाच आहे. वरचे पांच दिवस मुद्दाम ठेवले आहेत, कारण जुलैंत घाटांत दरड कोसळली कीं टपाल अडतें, आणि बोरिवलीच्या सभासदाला पत्र मिळेपर्यंत आठवडा उलटतो.

येथें घटनेंतल्या एका शब्दावर नजर ठेवावी. सूचना "पाठविली" पाहिजे असें लिहिलें आहे कीं सभासदास "मिळाली" पाहिजे असें? पहिल्यांत टपालाच्या पावतीची तारीख धरतात. दुसऱ्यांत पोंचल्याची तारीख पाहावी लागते, आणि मग सगळ्या तारखा आणखी आठवडाभर मागें न्याव्या लागतात. कांहीं घटनांत "नोंदणीकृत टपालानें" असें असतें. टपालखात्यानें २०२५ सालीं ती जुनी नोंदणीची सेवा स्पीड पोस्टमध्यें विलीन केली. तेव्हां आतां स्पीड पोस्टची पावती जपून ठेवावी, आणि पुढच्या घटनादुरुस्तींत तो शब्द सुधारून घ्यावा. हल्लीं व्हॉट्सॲपच्या गटावर पत्राचें छायाचित्र टाकून काम झालें असें मानण्याची चाल पडली आहे. आठवण म्हणून तें ठीक आहे. परंतु घटनेंत टपालाचा उल्लेख असेल तर गटावरच्या संदेशानें टपालाची जागा भरून निघत नाहीं. आणि ऐंशीं वर्षांचे आजीव सभासद त्या गटांत नसतात हेंही लक्षांत ठेवावें.

पात्रतेचा भाग याहून नाजूक आहे, आणि बहुतेक भांडणें तेथेंच उपजतात. १८६० च्या कायद्याच्या पंधराव्या कलमांत सभासद कोण याची व्याख्या आहे, आणि तिच्यापुढें एक वाक्य आहे त्याचा भावार्थ असा: ज्या सभासदाची वर्गणी त्या वेळीं तीन महिन्यांहून अधिक काळ थकलेली असेल, त्यास मत देतां येणार नाहीं आणि सभासद म्हणून त्याची गणनाही होणार नाहीं. "त्या वेळीं" हा शब्द महत्त्वाचा. थकबाकीदार हा कायमचा बाद नाहीं. पैसे भरतांच तो पुन्हां उभा राहतो. पण त्या त्या घडीला तो कोठें आहे तें पाहावयाचें.

आपल्या संस्थेंत वार्षिक वर्गणी ३० एप्रिलपर्यंत भरावयाची आहे असें समजूं. ज्यानें भरली नाहीं त्याची थकबाकी १ मेपासून सुरू. ३१ जुलैला तीन महिने पुरे होतात. १ ऑगस्टपासून ती "तीन महिन्यांहून अधिक" झाली. आतां चिटणिसांनीं १८ जुलैला, पत्राबरोबरच, मतदारांची यादी करून टाकली तर काय होईल? त्या दिवशीं सर्व थकबाकीदारांचे तीन महिने अजून भरलेले नाहींत. म्हणून ते यादींत येतील, कदाचित् अर्जही भरतील, आणि ३० ऑगस्टला सभेंत बसतील तेव्हां कायद्यानें त्यांस मत नसेल. यादींत नांव आहे आणि मत नाहीं, अशी विचित्र अवस्था. उलट पक्षीं चिटणिसांनीं आपल्या अधिकारांत "३० एप्रिलपर्यंत न भरणारे अपात्र" असें पत्रांत लिहिलें, तर घटनेनें न दिलेली अट त्यांनीं स्वतः घातली असें होतें, आणि अपात्र ठरलेला मनुष्य तक्रार घेऊन गेल्यास त्याचीच बाजू बळकट ठरते.

म्हणूनच मघाशीं सभेची तारीख ३० ऑगस्ट धरली, तिला आणखी एक कारण होतें. घटनेप्रमाणें यादी तीस दिवस आधीं कायम व्हावयाची. ३० ऑगस्टच्या तीस दिवस मागें येतो ३१ जुलै. आणि कायद्याचे तीन महिने पुरे होतात तेही ३१ जुलैलाच. दोन्ही रेषा एका ठिकाणीं आल्या. तेव्हां पत्रांत ठामपणें लिहितां येतें कीं ३१ जुलैच्या सायंकाळीं पांचपर्यंत ज्यांची वर्गणी पोंचेल त्यांचींच नांवें यादींत राहतील. सभा एक आठवडा आधीं, २३ ऑगस्टला, घेतली असती तर यादी २४ जुलैला कायम झाली असती, थकबाकीदार तींत राहिले असते, आणि सभेच्या दारांत पुन्हां एकदां प्रत्येकाची पावती तपासावी लागली असती. सभेच्या दारांत पावत्या तपासूं लागलें म्हणजे माणसें किती रागावतात, हें ज्यांनीं अनुभवलें आहे त्यांस सांगावयास नको.

कोणी म्हणेल, एखाद्यानें १२ ऑगस्टला येऊन पैसे भरले तर? ह्या घटनेप्रमाणें यादी कायम झाल्यामुळें ह्या निवडणुकींत त्यास मत नाहीं; सभासदत्व मात्र अबाधित. पण ज्या घटनेंत यादी कायम करण्याचा नियमच नाहीं, तेथें १२ ला पैसे भरणारा ३० ला मत देऊं शकतो, आणि चिटणिसांच्या पत्रानें त्याचा तो हक्क जात नाहीं. म्हणून पत्रांतल्या प्रत्येक अटीपुढें घटनेच्या कलमाचा आंकडा घालावा. ज्या अटीपुढें आंकडा घालतां येत नाहीं, ती अट खोडून टाकावी. "उमेदवार रत्नागिरींत राहणारा असावा", "गेल्या दोन सभांना हजर असलेला असावा", ह्या अटी कितीही शहाणपणाच्या वाटल्या तरी घटनेंत नसतील तर पत्रांत येऊं नयेत.

आजीव सभासदांची थकबाकी होत नाहीं, म्हणून त्यांच्याविषयीं कोणी विचार करीत नाहीं. त्यांच्याबाबत अडचण निराळी आहे. एकशें चाळिसांपैकीं हयात किती? जुन्या संस्थांच्या वहींत अशीं नांवें असतात कीं ज्यांचे नातू आतां निवृत्त झाले आहेत. नांव वहींत आहे तोंपर्यंत त्यास पत्र पाठविलें पाहिजे. पाकीट "मयत" किंवा "पत्ता सोडून गेले" अशा शेऱ्यानें परत आलें म्हणजे तें न फोडतां तसेंच जपून ठेवावें. पत्र पाठविल्याचा तो पुरावा असतो, आणि पुढच्या यादीसाठीं उपयोगी असतो.

आतां ह्या साऱ्यांतून तयार होणारें पत्र वाचून दाखवितों. कलमांचे आंकडे आपल्या कल्पित घटनेचे आहेत.

"रत्नागिरी, दिनांक १८ जुलै २०२६.
सन्माननीय सभासद यांस,
सप्रेम नमस्कार विनंति विशेष. आपल्या संस्थेच्या विद्यमान व्यवस्थापक मंडळाची तीन वर्षांची मुदत येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेबरोबर संपत आहे. सभा रविवार दिनांक ३० ऑगस्ट २०२६ रोजीं सकाळीं दहा वाजतां संस्थेच्या सभागृहांत होईल. तिची स्वतंत्र सूचना आपणांस वेगळी पाठविण्यांत येईल. घटनेच्या कलम ११ प्रमाणें अकरा जागांसाठीं उमेदवारी अर्ज मागविण्यांत येत आहेत.

सभासदांची कच्ची यादी आजपासून कार्यालयांत पाहावयास ठेवली आहे. नांव, पत्ता किंवा वर्गणी यांबद्दल कांहीं चूक आढळल्यास ३१ जुलै रोजीं सायंकाळीं पांच वाजेपर्यंत लेखी कळवावें. कलम ९ प्रमाणें त्याच दिवशीं यादी कायम होईल. वार्षिक सभासदांपैकीं ज्यांची चालू वर्षाची वर्गणी त्या वेळेपर्यंत संस्थेकडे पोंचली नसेल त्यांचीं नांवें, कायद्याचें कलम १५ आणि घटनेचें कलम ९ यांस अनुसरून, यादींत राहणार नाहींत. आपली वर्गणी जमा आहे किंवा नाहीं, हें पाकिटावरील आपल्या नांवाखालीं लिहिलें आहे.

कायम यादींतील कोणाही सभासदास उमेदवार होतां येईल. सूचक आणि अनुमोदक हेही त्याच यादींतील असावेत, आणि अर्जावर उमेदवाराची संमतीची सही असावी (कलम १२). संस्थेच्या पगारी सेवकांस उमेदवार होतां येणार नाहीं (कलम १३). कोरा अर्ज सोबत जोडला आहे; साध्या कागदावर तोच मजकूर लिहिलेला अर्जही चालेल.

अर्ज २० जुलैपासून ८ ऑगस्ट रोजीं सायंकाळीं पांच वाजेपर्यंत कार्यालयांत स्वीकारले जातील. टपालानें पाठविलेला अर्ज ह्या वेळेपूर्वीं कार्यालयांत पोंचला पाहिजे. टपालांत टाकल्याची तारीख धरली जाणार नाहीं. छाननी ९ ऑगस्ट रोजीं सकाळीं अकरा वाजतां उमेदवारांच्या समक्ष होईल. अर्ज मागें घेण्याची मुदत १२ ऑगस्ट सायंकाळीं पांचपर्यंत. उमेदवारांची अखेरची यादी १३ ऑगस्ट रोजीं फलकावर लागेल आणि सभेच्या सूचनेसोबत प्रत्येकास पाठविली जाईल. मत स्वतः हजर राहून गुप्त पद्धतीनें द्यावयाचें आहे (कलम १४).

निवडणुकीचें काम पाहण्यासाठीं मंडळानें उमेदवार नसलेल्या एका ज्येष्ठ सभासदाची निवडणूक अधिकारी म्हणून नेमणूक केली आहे. त्यांचें नांव व पत्ता खालीं दिला आहे. अर्ज त्यांच्या नांवें द्यावेत.
कळावें, लोभ असावा, ही विनंति.
आपला,
चिटणीस."

यांत नटवेपणा कांहीं नाहीं. दोन गोष्टी मात्र नजरेस आणून देतों. पहिली, पाकिटावर वर्गणीचा शेरा. नव्वद सभासदांच्या वह्या चाळून हा शेरा लिहावयास एक संध्याकाळ लागते, पण "मला कोणीं सांगितलेंच नाहीं" हें वाक्य त्यामुळें कोणाला उच्चारतां येत नाहीं. शिवाय वर्गणी भराभर जमा होते हा वरचा नफा. दुसरी, निवडणूक अधिकारी चिटणिसांहून निराळा. चिटणीस बहुधा स्वतःच पुन्हां उभे असतात. आपलाच अर्ज आपणच घ्यावा, प्रतिस्पर्ध्याचा आपणच तपासावा, हें प्रामाणिक मनुष्यानें केलें तरी बाहेरून पाहणाऱ्यास बरें दिसत नाहीं.

अर्ज घेतांना वहींत त्याचा क्रमांक, तारीख आणि घड्याळांतली वेळ लिहावी, आणि देणाऱ्यास पोंच द्यावी. छाननींत अर्ज बाद करावयाचा तर कारण लेखी द्यावें आणि कारण घटनेंतलें असावें. अर्जावर "गणेश" आणि वहींत "गणपत" असा फरक असेल, पत्ता आणि सभासद क्रमांक जुळत असेल, तर केवळ त्यावरून अर्ज फेंकूं नये. त्याच बैठकींत दुरुस्त करून घ्यावा. सूचकाचें नांवच यादींत नसेल तर मात्र इलाज नाहीं. म्हणूनच जाणते सभासद दोन निरनिराळ्या सूचकांचे दोन अर्ज भरून ठेवतात.

आतां आपल्याकडे नेहमीं घडतें तें घडलें असें समजा: अकरा जागा, आणि माघारीनंतर उरले नऊच. नऊ जण बिनविरोध आले, हें सरळ आहे. उरलेल्या दोन जागांसाठीं सभेंत कोणीतरी उठतो, "अमक्यांना घ्या" म्हणतो, टाळ्या पडतात, आणि अमके मंडळावर बसतात. ही सर्वांत प्रचलित चूक आहे. अर्ज मागविण्याची पद्धत घटनेनें घालून दिली असतां सभेंत तोंडी नांवें घेणें हें, घटनेंत तशी सवलत स्पष्ट नसेल तर, नियमाबाहेरचें आहे. घरीं बसलेल्या ज्या सभासदानें "आतां मुदत गेली" म्हणून अर्ज भरला नाहीं, त्यास न विचारतां जागा वांटली गेली, असा त्याचा अर्थ होतो. रिकाम्या जागा भरण्याची रीत घटनेंत निराळी सांगितलेली असते, बहुधा नव्या मंडळानें स्वीकृत करण्याची. तिनें त्या भराव्या, किंवा नवें पत्र काढावें.

सभा संपली म्हणजे चिटणिसांचीं आणखी दोन कामें उरतात. १८६० च्या कायद्याच्या चवथ्या कलमाप्रमाणें नव्या मंडळाचीं नांवें, पत्ते आणि व्यवसाय यांची यादी सभेनंतरच्या चौदाव्या दिवसापर्यंत निबंधकाकडे गेली पाहिजे. ३० ऑगस्टपासून चौदावा दिवस म्हणजे १३ सप्टेंबर, रविवार, आणि दुसऱ्या दिवशीं गणपति. तेव्हां शुक्रवार ११ सप्टेंबरला ती यादी देऊन पोंच घेतलेली बरी. त्यानंतर कचेरींत कोणी भेटेल याची खात्री नाहीं. बदल अर्जाचे नव्वद दिवस २८ नोव्हेंबरला भरतात. पण तोही लांबवूं नये. सभेचें इतिवृत्त, अर्ज मागविणारें पत्र, टपालाच्या पावत्या, छाननीची वही आणि नव्या अकरा जणांच्या संमतीचीं पत्रें एकत्र बांधून गौरी-गणपतीनंतर पहिल्या आठवड्यांतच तो द्यावा. आणि त्या गठ्ठ्यांत "मयत" शेऱ्यानें परत आलेलीं पाकिटेंही, न फोडतां, असावींत.